एकवीस खुणांचा क्रमांक

१ सप्टेंबर १९४५ रोजी मुंबईत टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग कंपनीची नोंदणी झाली. हीच टेल्को पुढे टाटा मोटर्स या नावाने मोठी झाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी नोंदली गेली आणि स्कूटरच्या जमान्यात बजाज ऑटो म्हणून घराघरांत पोहोचली. ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो कंपनी झाली. या तिघींचे नोंदणी क्रमांक अनुक्रमे ४५२०, ४६५६ आणि ४७६८ आहेत. रजिस्ट्रारच्या नोंदवहीत एकामागून एक कंपन्या चढत गेल्या आणि पुढच्या कंपनीला पुढचा आकडा मिळत गेला. नावे बदलली, मालकीची वाटणी झाली, कायदाही बदलला, तरी हे आकडे या कंपन्यांच्या अधिकृत क्रमांकाच्या शेवटी अजून जसेच्या तसे आहेत.

कंपनीचे स्थापना प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन, सामान्य माणसाच्या हाती अनेक निमित्तांनी येते. कुणी गाळा भाड्याने मागायला येतो, कुणी उधारीवर माल मागतो, कुणी गुंतवणुकीची योजना घेऊन येतो, आणि सोबत हा कागद पुढे ठेवतो. वर भारत सरकारचे नाव आणि बोधचिन्ह असते, खाली डिजिटल सही असते. बहुतेक जण कंपनीचे नाव वाचतात, सही पाहतात आणि कागद परत करतात. खरे तर त्यावर वाचण्याजोगा मजकूर तीन-चार ओळींचाच आहे. त्या ओळी नीट वाचल्या तर कंपनीचा क्रमांक, तिची तारीख, तिचा वर्ग आणि तिचा प्रकार या चार गोष्टी कळतात, आणि कागदावरच्या गोष्टी एकमेकींशी जुळतात की नाही हेही तपासता येते.

वाचायची सुरुवात क्रमांकापासून नव्हे, वाक्यापासून करावी. सध्याच्या प्रमाणपत्रातले मुख्य वाक्य इंग्रजीत असते. अमुक नावाची कंपनी अमुक दिवशी कंपनी कायदा, २०१३ खाली स्थापन झाली असून ती भागांनी मर्यादित आहे, असे रजिस्ट्रार प्रमाणित करतो. तारीख अक्षरी लिहिलेली असते. त्याखाली कंपनीचा ओळख क्रमांक येतो. अलीकडच्या प्रमाणपत्रांवर पॅन आणि टॅन हे करखात्याचे क्रमांकही असतात. शेवटी सहीचे ठिकाण म्हणून बऱ्याचदा मानेसर असे लिहिलेले आढळते. कंपनी कोल्हापूरची आणि कागद हरियाणातला, हे पाहून काहींना शंका येते. पण देशभरातल्या नव्या नोंदणीचे अर्ज मानेसरच्या सेंट्रल रजिस्ट्रेशन सेंटरमध्ये तपासले जातात आणि तिथला अधिकारी संबंधित रजिस्ट्रारच्या वतीने सही करतो. त्यामुळे मानेसर हे नाव संशयास्पद नाही.

तारखेकडे जरा थांबून पाहावे लागते, कारण कागदावर तारखा दोन असू शकतात. वाक्यातली तारीख स्थापनेची असते आणि तळाची सहीची. कायद्याच्या दृष्टीने कंपनी अस्तित्वात येते ती पहिल्या तारखेला. या दोन तारखांवरून विलायतेत एक खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. ज्युबिली कॉटन मिल्स या कंपनीच्या प्रमाणपत्रावर ६ जानेवारी १९२० ही तारीख होती, पण रजिस्ट्रारने प्रत्यक्ष सही केली ८ जानेवारीला. मधल्या काळात, म्हणजे ६ तारखेलाच, कंपनीने शेअर वाटून टाकले होते. तेव्हा कंपनी होती की नव्हती, हा वादाचा मुद्दा होता. १९२४ मध्ये निकाल लागला. प्रमाणपत्रावर जी तारीख आहे त्या दिवसापासून कंपनी होती, असे न्यायालयाने मानले.

नावबदलानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रात तारखेचा घोळ हमखास होतो. कंपनीने नाव बदलले की रजिस्ट्रार नवे प्रमाणपत्र देतो, आणि तेही दिसायला जवळपास पहिल्यासारखेच असते. त्यावर ठळकपणे दिसते ती नावबदलाची तारीख, मूळ स्थापनेची नव्हे. म्हणून शीर्षकाखालची ओळ वाचावी. नावबदलाचा उल्लेख असेल तर स्थापनेची तारीख मजकुरात वेगळी शोधावी आणि पहिले प्रमाणपत्रही मागून घ्यावे.

स्थापनेची तारीख धंद्याच्या वयाबद्दल मात्र फारसे सांगत नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे काम १९६८ पासून टाटा सन्सचा एक विभाग म्हणून चालू होते. स्वतंत्र कंपनी म्हणून तिची नोंदणी झाली १९ जानेवारी १९९५ रोजी, आणि तिच्या क्रमांकात वर्ष आहे १९९५. उलटेही होते. कंपनी कागदावर जुनी असते, पण तिने व्यवहार सुरूच केलेला नसतो. नोव्हेंबर २०१८ नंतर स्थापन झालेल्या, भागभांडवल असलेल्या कंपनीला १८० दिवसांच्या आत एक घोषणा दाखल करावी लागते. सभासदांनी कबूल केलेले भांडवल भरले आहे, असे त्यात संचालक लिहून देतो. ती दाखल होईपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज घेता येत नाही. स्थापना प्रमाणपत्रावर या घोषणेचा मागमूस नसतो, कारण ती नंतरची पायरी आहे.

आता क्रमांक. याला सीआयएन म्हणतात. अक्षरे आणि आकडे मिळून त्यात नेमक्या एकवीस खुणा असतात. महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा जिच्याशी दरमहा संबंध येतो ती महावितरण कंपनी उदाहरणाला घेऊ. तिचा सीआयएन असा आहे:

U40109MH2005SGC153645

पहिले अक्षर U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. नोंदलेली असती तर तिथे L आला असता. पुढचे पाच आकडे, 40109, उद्योगाचे आहेत. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत ४० हा विभाग विजेचा होता. MH म्हणजे महाराष्ट्र, 2005 हे स्थापनेचे वर्ष. SGC म्हणजे राज्य सरकारची कंपनी. शेवटचे सहा आकडे, 153645, हा नोंदवहीतला क्रमांक.

यामागचा इतिहास वीज ग्राहकांना ठाऊक आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि ६ जून २००५ पासून वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण ही कामे वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेली. त्यासाठी कंपन्या आधी जन्माला याव्या लागतात. महावितरणची नोंदणी ३१ मे २००५ ला झाली होती. महापारेषणचा नोंदणी क्रमांक 153646 आणि महानिर्मितीचा 153648 आहे. तिन्ही अर्ज एकाच वेळी रजिस्ट्रारसमोर आले होते, हे नुसत्या आकड्यांवरून ओळखता येते.

प्रमाणपत्र तपासताना हे तुकडे वाक्याशी ताडून पाहावेत. अक्षरी तारखेतले वर्ष आणि क्रमांकातले वर्ष एक असले पाहिजे. नावात 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर तीन अक्षरांच्या जागी बहुधा PTC हवे, नुसते 'लिमिटेड' असेल तर PLC. एकवीस खुणा मोजून पाहाव्यात, कारण खोट्या कागदावर कधी एखादा आकडा कमी पडतो तर कधी शून्य आणि ओ यांची अदलाबदल झालेली असते. नोंदणी क्रमांक काळाबरोबर वाढत जातो, हेही उपयोगी पडते. मुंबईच्या मालिकेत टाटा स्टीलचा १९०७ चा क्रमांक 000260 आहे, टेल्कोचा १९४५ चा 004520, टीसीएसचा १९९५ चा 084781 आणि महावितरणचा २००५ चा 153645. २०१५ साली मुंबईत स्थापन झाल्याचे सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाच्या शेवटी 061000 दिसले, तर पुढे चौकशी करायला तेवढे कारण पुरे आहे.

या मालिकेला राज्याची मर्यादा आहे. सहा आकडे हे एका रजिस्ट्रारच्या वहीतले असतात, साऱ्या देशाचे नव्हे. म्हणून तेच सहा आकडे कर्नाटकातल्या दुसऱ्या एखाद्या कंपनीकडेही असू शकतात, आणि नुसता नोंदणी क्रमांक सांगून कंपनी ओळखता येत नाही. पुण्याची गोष्ट तर आणखी वेगळी. पुण्यात रजिस्ट्रारचे स्वतंत्र कार्यालय आहे, आणि तिथल्या अनेक कंपन्यांच्या क्रमांकात राज्याच्या जागी MH ऐवजी PN येते. किर्लोस्कर ब्रदर्सचा क्रमांक L29113PN1920PLC000670 आहे. PN नावाचे राज्य नाही म्हणून कुणी हा क्रमांक खोटा ठरवू नये. पुण्यातल्या सगळ्याच कंपन्यांना PN असते असेही नाही. आकुर्डीच्या बजाज फायनान्सच्या क्रमांकात MH आहे.

कंपनीने नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवले तर राज्याची अक्षरे आणि शेवटचे आकडे बदलतात, वर्ष मात्र तसेच राहते. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि पुढे बंगळूरला गेली. आज तिच्या क्रमांकात KA1981 असे दिसते. हे वाचून ती १९८१ साली कर्नाटकात जन्मली असे कुणी म्हटले तर ते चूक ठरेल. रिलायन्स इंडस्ट्रीजचा प्रवास उलट्या दिशेने झाला. १९७३ मध्ये मायनायलॉन या नावाने तिची नोंदणी कर्नाटकात झाली होती, आणि आता तिचा क्रमांक आहे L17110MH1973PLC019786.

रिलायन्सच्या याच क्रमांकात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. 17 हा विभाग जुन्या वर्गीकरणात कापडाचा होता. तेल, रसायने, दूरसंचार, दुकाने असा पसारा वाढूनही क्रमांकात कापडगिरणीची खूण राहून गेली. सीआयएनचा हा पाच आकड्यांचा तुकडा सर्वांत कमी भरवशाचा आहे. टाटा स्टीलचा तुकडा 27100 आहे. २००४ च्या वर्गीकरणात २७ म्हणजे मूळ धातू, पण २००८ च्या वर्गीकरणात पोलादासाठी २४ आहे आणि २७ विद्युत उपकरणांना गेले आहे. लार्सन अँड टुब्रोच्या क्रमांकात तर 99999 आहे, आणि त्यातून कोणताच उद्योग कळत नाही. कंपनी काय करते हे या तुकड्यावरून ठरवण्यापेक्षा तिच्या घटनापत्रातले, म्हणजे मेमोरँडममधले, उद्देश वाचावेत.

या सगळ्यात बजाजचे उदाहरण पुन्हा पुन्हा अभ्यासावे असे आहे. १९४५ च्या कंपनीचा, म्हणजे ज्या कंपनीने चेतक स्कूटर विकली तिचा, आजचा क्रमांक L65100PN1945PLC004656 आहे. पण तो क्रमांक आज बजाज ऑटोच्या कागदांवर सापडत नाही. तो बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंटचा आहे. २००७-०८ मध्ये समूहाची फेररचना झाली. वाहनांचा धंदा २००७ मध्ये नोंदलेल्या नव्या कंपनीकडे गेला, बजाज ऑटो हे नावही तिलाच मिळाले, आणि जुन्या कंपनीकडे गुंतवणुका राहिल्या. म्हणून आज मोटारसायकली बनवणाऱ्या बजाज ऑटोचा क्रमांक आहे L65993PN2007PLC130076. त्यात वर्ष २००७ चे आहे आणि उद्योगाचा तुकडा ६५ ने, म्हणजे वित्तव्यवसायाच्या विभागाने, सुरू होतो. नाव एका कंपनीकडून दुसरीकडे गेले, पण कायद्याच्या लेखी जी व्यक्ती १९४५ मध्ये जन्मली ती अजून 004656 याच आकड्याने ओळखली जाते. करार कुणाशी आहे हे पाहताना नावाइतकाच क्रमांक का लिहून घ्यायचा, हे यातून उमगते.

वर्ग आणि प्रकार या दोन गोष्टींची बरेचदा गल्लत होते. वर्गाने कळते की कंपनी खासगी आहे, सार्वजनिक आहे की एका व्यक्तीची आहे. खासगी कंपनीत साधारणपणे २०० पेक्षा अधिक सभासद असू शकत नाहीत, शेअरच्या हस्तांतरावर बंधन असते आणि जनतेला शेअर घेण्याचे आवाहन करता येत नाही. प्रकार म्हणजे सभासदांच्या जबाबदारीचा प्रश्न. भागांनी मर्यादित कंपनी बुडाली तर सभासदाचे नुकसान त्याने घेतलेल्या शेअरच्या रकमेपुरते राहते. हमीने मर्यादित कंपनीत त्याने आधी कबूल केलेल्या रकमेपुरते. अमर्याद कंपनीत तशी मर्यादा नाही. प्रमाणपत्राच्या वाक्याच्या शेवटी 'भागांनी मर्यादित' असे जे येते, ते हा प्रकार सांगण्यासाठी.

सीआयएनमधली तीन अक्षरे या दोन्ही गोष्टी आणि शिवाय मालकी, असे तिन्ही एकाच डब्यात भरतात. PTC आणि PLC वर्ग सांगतात. OPC एका व्यक्तीची कंपनी. GAP आणि GAT हमीच्या कंपन्या. GOI आणि SGC सरकारची मालकी सांगतात, पण ती कंपनी सार्वजनिक वर्गातली की खासगी, हे त्यांतून कळत नाही. FTC म्हणजे परदेशी कंपनीची खासगी उपकंपनी. NPL म्हणजे कलम ८ खालची, नफा न वाटणारी कंपनी. तिच्या नावात 'लिमिटेड' नसले तरी चालते, म्हणून फाउंडेशन किंवा असोसिएशन असे नाव असलेला कागदही कंपनीचाच असू शकतो.

महाराष्ट्रात गावोगावी झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासदांना या ठिकाणी हटकून प्रश्न पडतो. त्यांच्या कंपनीच्या नावाचा शेवट 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' असा असतो, 'प्रायव्हेट' हा शब्द कुठेच नसतो, आणि क्रमांकात मात्र PTC दिसते. यात चूक काही नाही. कायद्याने उत्पादक कंपनीला खासगी कंपनीसारखे मानले आहे, फक्त सभासदसंख्येची २०० ची मर्यादा तिला लागू केलेली नाही. गटशेतीतल्या हजारभर शेतकऱ्यांची कंपनी म्हणूनच खासगी वर्गात बसते.

एखाद्याने दाखवलेल्या कागदावर सीआयएनच नसेल, त्याऐवजी तीन अक्षरे, आडवी रेघ आणि चार आकडे असतील, तर ती कंपनी नसून एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी आहे. तिथे संचालक नसतात, भागीदार असतात, आणि शेअर नसतात.

प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक सूचना असते. प्रत्येक ठेवीदाराने ती शब्दन्‌शब्द वाचायला हवी. हे प्रमाणपत्र अर्जदाराने दिलेली कागदपत्रे आणि घोषणा यांच्या आधारे कंपनी स्थापन झाल्याचा पुरावा आहे, एवढेच ती सांगते. पुढे स्पष्ट लिहिलेले असते की हा धंद्याचा परवाना नाही, आणि जनतेकडून ठेवी किंवा निधी गोळा करायची परवानगीही नाही. ज्या क्षेत्राला नियामक आहे तिथे त्याची परवानगी वेगळी लागते. दामदुपटीच्या योजना घेऊन फिरणारे लोक हाच कागद सरकारी मान्यता म्हणून दाखवतात, आणि ज्या कागदावर तसे नसल्याचे छापलेले आहे त्याच कागदावर विश्वासून माणसे आयुष्याची पुंजी देतात. याची चीड यायला हवी. मागणाऱ्याच्या क्रमांकात PTC दिसत असेल, तर त्याने सभा घेऊन गावाकडून पैसे गोळा करणे हेच मुळात कायद्याच्या विरुद्ध आहे की काय, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारावा.

कागदावरून जे कळते ते नोंदवहीशी पडताळून पाहता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या www.mca.gov.in या संकेतस्थळावर View Company or LLP Master Data हे पान आहे. तिथे सीआयएन टाकला की नाव, स्थापनेची तारीख, रजिस्ट्रारचे कार्यालय आणि नोंदणी क्रमांक समोर येतात. Class of Company, Company Category आणि Company Sub Category अशा ओळींत वर्ग, जबाबदारीचा प्रकार आणि मालकी वेगवेगळी दिलेली असते. सीआयएनच्या तीन अक्षरांत जे एकत्र कोंबले गेले होते ते इथे सुटे वाचता येते. कागद हाती नसला तरी अडत नाही. कंपनीने आपल्या बिलांवर आणि पत्रांवर सीआयएन छापलाच पाहिजे, असे कायदा सांगतो.

त्याच पानावर शेवटच्या ताळेबंदाची तारीख असते आणि कंपनीच्या सद्यस्थितीची ओळ असते. Active असेल तर कंपनी नोंदवहीत चालू आहे. Strike Off असेल तर तिचे नाव वहीतून खोडले गेले आहे. २०१७ मध्ये वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरलेल्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे अशी खोडली गेली. त्यांची प्रमाणपत्रे कुणी परत घेतली नाहीत. ती अजून फायलींमध्ये आहेत, त्यांवरचे क्रमांक आणि तारखा खऱ्या आहेत. खोडलेले नाव परत आणण्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कंपनीला, तिच्या सभासदाला किंवा धनकोला त्यासाठी कायद्याने २० वर्षांची मुदत दिली आहे.